३ मीटर ५ सेंटीमीटरचे `3.5` होते तेव्हा : मीटर-सेंटीमीटरची मापे एकाच दशांश स्तंभात आणताना वारंवार येणारी अडचण

नागपूरच्या आसपास बेसा, हिंगणा किंवा वाठोडा या बाजूला ले-आउटच्या कंपाउंड भिंतींची आणि नाल्यांची जी कामे चालतात, तिथे मापे बहुधा दोघे मिळून घेतात. एक जण टेप धरून माप ओरडून सांगतो आणि दुसरा ते वहीत उतरवतो. सांगणारा ‘तीन मीटर पाच’ म्हणतो, लिहिणारा घाईत ‘३.५’ लिहितो, आणि त्या क्षणी दोघांनाही त्याचा अर्थ पक्का ठाऊक असतो. संध्याकाळी ऑफिसमध्ये बसलेली तिसरी व्यक्ती तेच माप एक्सेलमध्ये टाकते तेव्हा मात्र `3.5` म्हणजे साडेतीन मीटर होते, आणि प्रत्यक्षातील ३ मीटर ५ सेंटीमीटरचा तुकडा कागदावर ४५ सेंटीमीटरने लांबतो.

ही अडचण एकदा दुरुस्त केली तरी पुढच्या बिलाच्या वेळी पुन्हा उभी राहते, कारण चूक सूत्रात नसून नोंदीच्या पद्धतीत असते. म्हणून आधी बिघडलेला स्तंभ कसा ओळखावा, मग त्यातले काय वाचवता येते आणि काय येत नाही, आणि शेवटी ‘३ मी ५ सेमी’ अशा स्वरूपातील मजकुरातून दशांश मीटर कसे काढावेत, या क्रमाने पाहू. सूत्रे एक्सेल आणि लिब्रेऑफिस कॅल्क दोन्हींसाठी दिली आहेत. कॅल्कच्या काही मांडण्यांत सूत्रातील स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम द्यावा लागतो, एवढाच फरक.

एका भिंतीचे उदाहरण

समजा कंपाउंड भिंतीची एक सरळ बाजू सहा तुकड्यांत मोजली आहे. तुकडे असे आहेत : ३ मी ५ सेमी, ४ मी ५० सेमी, २ मी ८ सेमी, ६ मी, ९५ सेमी आणि ३ मी ७५ सेमी. यांची खरी बेरीज २०.३३ मीटर होते.

आता हीच मापे वहीत टिंब देऊन लिहिली गेली आणि तशीच टाकली गेली, तर स्तंभात `3.5`, `4.5`, `2.8`, `6`, `0.95` आणि `3.75` असे आकडे दिसतात आणि बेरीज `21.5` येते. फरक १.१७ मीटरचा आहे. भिंत दीड मीटर उंच असेल आणि प्लास्टर दोन्ही बाजूंनी असेल, तर एवढ्या एका बाजूवर ३.५१ चौरस मीटर प्लास्टर कागदावर जास्त चढते. बिल तपासणारा अभियंता हे जागेवर मोजून पाहील, तेव्हा संशय एका ओळीवर न राहता सगळ्या मोजमापावर येईल.

या फरकाची एक खूण आहे आणि ती फार उपयोगी पडते. एकअंकी सेंटीमीटर दशांशाच्या पहिल्या स्थानी गेले, की प्रत्येक सेंटीमीटरमागे ९ सेंटीमीटरची वाढ होते, कारण १ सेंटीमीटरचे १० सेंटीमीटर झालेले असतात. वरच्या उदाहरणात ५ आणि ८ हे दोन आकडे सरकले. त्यांची बेरीज १३, आणि १३ नवे ११७. म्हणून एखादी बाजू ३० मीटरच्या टेपने एकसलग मोजून घ्यावी आणि ती स्तंभाच्या बेरजेशी ताडून पाहावी. प्रत्येक तुकडा जवळच्या सेंटीमीटरपर्यंत मोजला असेल तर सहा तुकड्यांत मिळून तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक केवळ पूर्णांकनामुळे पडू शकत नाही. फरक त्याहून बराच मोठा असेल आणि नऊच्या एखाद्या पटीच्या जवळ असेल, तर दुसरे काही शोधण्याआधी टिंबाकडे पाहावे. ही खूण सात-आठ तुकड्यांच्या गटापर्यंतच विश्वासाची आहे. लांबच लांब स्तंभात पूर्णांकनाचा फरकच एवढा साचतो, की नऊची कोणती ना कोणती पट जवळ सापडतेच.

दोन वेगळी मापे एकच आकडा का होतात

या प्रश्नात खरे नुकसान इथे होते. वहीत ‘३.५’ आणि ‘३.५०’ या दोन नोंदी डोळ्यांना वेगळ्या दिसतात आणि लिहिणाऱ्याच्या मनात त्यांचे अर्थही वेगळे असतात. पहिली ३ मीटर ५ सेंटीमीटर असते आणि दुसरी ३ मीटर ५० सेंटीमीटर. पण सेल साधा असेल, तर `3.50` टाइप करताच तो संख्या म्हणून साठवला जातो, शेवटचे शून्य निघून जाते आणि `3.5` उरते. पुढे सेलचे स्वरूप बदलून दोन दशांश दाखवले तर दोन्ही ओळींत `3.50` दिसते. शून्य परत आलेले दिसते खरे, पण ते एक्सेलने नव्याने लावलेले असते, तुम्ही टाइप केलेले नव्हे.

म्हणून एकदा संख्या झालेल्या `3.5` मधून मूळ माप कोणतेही सूत्र काढून देऊ शकत नाही. असे स्तंभ दुरुस्त करताना ‘एका दशांशाच्या सगळ्या नोंदींचे सेंटीमीटर शंभराने भागा’ असा सरसकट उपाय केला जातो, आणि तो तितकाच घातक आहे. वरच्या उदाहरणात तसे केले तर `3.5` चे `3.05` आणि `2.8` चे `2.08` हे बरोबर होईल, पण ४ मी ५० सेमीचेही `4.05` होईल आणि बेरीज १९.८८ वर येईल. आधी ठेकेदाराकडे जादा जात होते, आता त्याचेच ४५ सेंटीमीटर कापले गेले.

समाधानाची बाब अशी, की संशय सगळ्या ओळींवर घेण्याचे कारण नाही. ज्या आकड्यात टिंबानंतर दोन अंक आहेत, तो कसाही वाचला तरी एकच अर्थ देतो : `3.75` म्हणजे ३ मीटर ७५ सेंटीमीटर आणि `3.05` म्हणजे ३ मीटर ५ सेंटीमीटर. पूर्ण मीटरचा आकडाही निर्धोक आहे. संशयित फक्त टिंबानंतर एकच अंक असलेल्या ओळी. त्या वेगळ्या काढण्यासाठी शेजारच्या स्तंभात पुढील सूत्र द्यावे आणि खाली ओढावे :

```
=IF(AND(MOD(ROUND(A2*100,0),10)=0,MOD(ROUND(A2*100,0),100)<>0),"वहीत पाहा","")
```

जिथे ‘वहीत पाहा’ येईल तेवढ्याच नोंदी मूळ मोजमाप वहीत उघडून पाहाव्यात. वही मिळत नसेल तर त्या तुकड्यांवर पुन्हा टेप लावणे हाच मार्ग आहे. अंदाजाने आकडा ठरवू नये.

या संशयित नोंदी किती निघतात त्यावरूनही काही कळते. मापे खरोखर सेंटीमीटरपर्यंत घेतलेली असतील, तर शंभरात साधारण नऊ मापांचे सेंटीमीटर १०, २०, ३० अशा दहाच्या पटीत येतील आणि साधारण नऊ मापांचे १ ते ९ यांत येतील. म्हणजे निरोगी स्तंभात `.01` ते `.09` अशी शेपटे अधूनमधून दिसायलाच हवीत. दोन-तीनशे ओळींच्या स्तंभात असे एकही शेपूट नसेल आणि एका दशांशाच्या नोंदी मात्र शंभरात अठराच्या आसपास असतील, तर एकअंकी सेंटीमीटर सरकले आहेत हे जवळपास निश्चित धरावे. मोजणारा ५ किंवा १० सेंटीमीटरच्या पटीत मापे घेत असेल तर हे प्रमाण लागू होत नाही, तेव्हा ती सवय आधी विचारून घ्यावी.

टिंबाऐवजी आडवी रेघ वापरणाऱ्यांची अडचण वेगळी असते, पण ती लगेच उघडी पडते. `3-5` किंवा `3/5` टाइप केले की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. भारतीय मांडणीत ती ३ मे होते आणि बेरजेत चाळीस हजारांच्या घरातला आकडा मिसळतो. तो नजरेतून सुटत नाही, एवढेच त्यातले बरे.

मजकुरातून दशांश मीटर

आता चांगल्या स्थितीतला स्तंभ घेऊ, म्हणजे ज्यात एककांसह माप लिहिलेले आहे : `3 मी 5 सेमी`, `95 सेमी`, `6 मी`. बहुतेक वेळा अशी मापे व्हॉट्सअॅपवरून चिकटवलेली असतात. इथे माहिती शाबूत असते, फक्त ती वेगळी करायची असते.

मराठीत लिहिलेल्या एककांचा एक खास सापळा आहे. ‘सेमी’ या अक्षरांच्या पोटातच ‘मी’ आहे. इंग्रजी सूत्रांच्या धर्तीवर थेट ‘मी’ शोधले, तर `95 सेमी` या नोंदीतही ते सापडते, आणि सूत्र ९५ सेंटीमीटरना मीटर समजू लागते किंवा अडखळते. म्हणून आधी ‘सेमी’ काढून तिथे `c` ठेवावे, आणि मगच उरलेल्या ‘मी’च्या जागी `m` ठेवावे. हा क्रम उलटवू नये. मूळ नोंद A स्तंभात आहे असे धरून B2 मध्ये हे सूत्र द्यावे :

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2," ",""),"से.मी","सेमी"),"मी.","मी"),"सेमी","c"),"मी","m")
```

यात मोकळ्या जागा जातात, ‘से.मी.’ आणि ‘मी.’ यांतील टिंबे जातात, आणि `3 मी. 5 से.मी.` चे `3m5c` होते. मग C2 मध्ये मीटर आणि D2 मध्ये सेंटीमीटर वेगळे करावेत :

```
=IF(ISNUMBER(FIND("m",B2)),VALUE(LEFT(B2,FIND("m",B2)-1)),0)
```

```
=IF(ISNUMBER(FIND("c",B2)),VALUE(SUBSTITUTE(MID(B2,IF(ISNUMBER(FIND("m",B2)),FIND("m",B2)+1,1),20),"c","")),0)
```

इथे `IFERROR` मुद्दाम वापरलेले नाही. त्याने सूत्र आखूड होते, परंतु जी नोंद वाचता आली नाही तिचे निमूटपणे शून्य होते, आणि शून्य मीटरचा तुकडा बेरजेत कोणाच्याही लक्षात येत नाही. त्यापेक्षा `#VALUE!` दिसलेले परवडते.

तरीही काही नोंदी त्रुटी न दाखवता चुकीच्या वाचल्या जातात. कोणी `3 मी 5` एवढेच लिहिले असेल तर C2 मध्ये ३ आणि D2 मध्ये शून्य येते, आणि ५ सेंटीमीटर गळतात. कोणी `3 मी 5 सेंमी` असे अनुस्वार देऊन लिहिले असेल तरी तेच होते, कारण सूत्राच्या दृष्टीने ‘सेंमी’ आणि ‘सेमी’ ही वेगळी अक्षरे आहेत. कोणी `3.5 मी` लिहिले असेल, तर टिंबाचा जुना संशय नव्या वेषात आत येतो. म्हणून F2 मध्ये उलट पडताळणी ठेवावी. वेगळे केलेले मीटर आणि सेंटीमीटर पुन्हा जोडून पाहायचे, आणि ते B2 मधील मजकुराशी अक्षरशः जुळले तरच नोंद स्वीकारायची :

```
=IF(AND(OR(B2=C2&"m"&D2&"c",B2=C2&"m"&TEXT(D2,"00")&"c",B2=C2&"m",B2=D2&"c"),INT(C2)=C2,OR(C2=0,D2<100)),"","तपासा")
```

`3m5` पुन्हा जोडल्यावर `3m0c` किंवा `3m` होते, `3m5` होत नाही, त्यामुळे तिथे ‘तपासा’ उमटते. `TEXT` असलेला भाग `3 मी 05 सेमी` अशी शिस्तशीर नोंद अडकू नये म्हणून आहे. `INT` ने `3.5 मी` अडते, आणि शेवटच्या अटीने `2 मी 115 सेमी` सारखी शंकास्पद नोंद अडते. नुसते `120 सेमी` मात्र चालते आणि त्याचे योग्य तेच १.२० मीटर होतात.

अंतिम स्तंभ E2 मध्ये :

```
=IF(F2="",ROUND(C2+D2/100,2),NA())
```

शंकास्पद ओळीत इथे रिकामी जागा न ठेवता `NA()` दिले आहे, आणि माझ्या मते या मांडणीत हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. रिकामी जागा बेरजेत मुकाट्याने वगळली जाते आणि बिल कमी रकमेचे तयार होते. `#N/A` असेल तर खालची बेरीजही `#N/A` दाखवते, आणि प्रत्येक संशयित ओळ सोडवल्याशिवाय आकडा हाती लागत नाही. थोडी गैरसोय होते, पण अर्धवट तपासलेली बेरीज पुढे जाऊ शकत नाही.

वरच्या सहा तुकड्यांवर ही सूत्रे चालवली की E स्तंभात `3.05`, `4.5`, `2.08`, `6`, `0.95` आणि `3.75` येतात. स्तंभाचे स्वरूप `0.00` ठेवले की दुसरा आणि चौथा आकडा `4.50` आणि `6.00` असे दिसतील, आणि बेरीज `20.33` येईल. बांधकामाच्या मोजमापासाठीच्या IS 1200 या भारतीय मानकातही लांबी ०.०१ मीटरपर्यंत घ्यावयाची असते, त्यामुळे दोन दशांश पुरेसे आहेत.

‘तपासा’ किंवा `#VALUE!` ज्या ओळींत उमटते तिथे काय असते

बहुतेक वेळा तिथे देवनागरी अंक असतात. मोबाइलवर मराठी कळफलक लावलेला असेल तर नोंद ‘३ मी ५ सेमी’ अशी येते आणि सूत्र ती संख्या म्हणून स्वीकारत नाही. Ctrl+H ने ० ते ९ हे दहा अंक एकेक करून बदलून घ्यावेत. दहा वेळा बदलणे कंटाळवाणे वाटते, पण एका स्तंभासाठी ते पुरेसे आणि खात्रीचे आहे. ‘सेंमी’, ‘मीटर’, ‘सेंटीमीटर’ अशी रूपे असतील तर तीही याच वेळी ‘सेमी’ आणि ‘मी’ करावीत, पण आधी ‘सेंटीमीटर’ आणि नंतर ‘मीटर’ या क्रमाने, कारण इथेही लांब शब्दाच्या पोटात लहान शब्द आहे.

नोंद वरकरणी अगदी बरोबर दिसते आणि तरीही `#VALUE!` येते, असेही होते. तेव्हा ती मोकळी जागा साधी नसून चिकटवताना आलेली न तुटणारी जागा असण्याची शक्यता मोठी. B2 च्या सूत्रात `A2` च्या जागी पुढील तुकडा ठेवला की ती निघून जाते :

```
SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," ")
```

मिलिमीटर असलेल्या नोंदी, उदाहरणार्थ `3 मी 5 सेमी 5 मिमी`, या मांडणीत अडतात आणि त्या अडाव्यात हेच योग्य. भिंत, नाली, प्लास्टर यांच्या मोजमापात मिलिमीटर येण्याचे सहसा कारण नसते. आले असतील तर ते जाडीचे माप लांबीच्या रकान्यात गेले आहे का, हे विचारून घ्यावे.

पुढच्या वेळी नोंद कशी घ्यावी

सूत्रे कितीही नीट केली तरी टिंब देऊन लिहिलेल्या वहीला ती वाचवू शकत नाहीत, म्हणून वहीचा नमुना बदलणे आवश्यक आहे. मोजमाप वहीच्या पानावर लांबीसाठी एकाऐवजी दोन रकाने आखावेत, डावीकडे ‘मी’ आणि उजवीकडे ‘सेमी’, आणि सेंटीमीटर नेहमी दोन अंकांत लिहावेत : ०५, ०८, ५०, ००. एक्सेलमध्येही तेच दोन स्तंभ ठेवले, तर वरची सगळी उठाठेव एका ओळीवर येते :

```
=A2+B2/100
```

सेंटीमीटरच्या स्तंभाला ० ते ९९ मधील पूर्ण संख्याच घेण्याची अट ‘डेटा व्हॅलिडेशन’मधून लावावी, म्हणजे कोणी सवयीने तिथे `3.5` टाकले तर ते तिथेच नाकारले जाईल. टेप धरणाऱ्या मिस्त्रीलाही एक गोष्ट सांगून ठेवावी. ‘तीन पाच’ असे न म्हणता ‘तीन मीटर, शून्य पाच’ असे म्हणावे, आणि ५० असेल तर ‘तीन मीटर पन्नास’ म्हणावे. ‘साडेतीन’ हा शब्द मोजताना टाळलेला बरा, कारण लिहिणारा तो ३.५ असाच उतरवतो, आणि मग त्या पानावरील प्रत्येक ३.५ कडे पुन्हा संशयाने पाहावे लागते.

जुन्या फाइलवर काम करताना मूळ A स्तंभ पुसू नये. E स्तंभातील आकडे ‘पेस्ट स्पेशल’मधून केवळ मूल्ये म्हणून वेगळ्या पानावर न्यावेत आणि A ते F हे स्तंभ मूळ पानावर तसेच राहू द्यावेत, म्हणजे बिलावर आक्षेप आला तर कोणता आकडा कोणत्या नोंदीतून आला हे ओळीगणिक दाखवता येईल.